पंधरा मिनिटांत २१०, सव्वा तासाने ४१: मुलांच्या डेक्स्ट्रोजचा हिशेब

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात बॉन्डवर आहे. पहाटे साडेपाचला ३ वर्षांचा मुलगा आणला, वजन १२ किलो. आदल्या दिवशी थोडा ताप, दोन उलट्या, रात्री न जेवताच झोपला, सकाळी उठवलं तर उठेना. ग्लुकोमीटरवर ३४. डी-२५ हाताशी होतं, त्यातलं २५ मिली दिलं. पंधरा मिनिटांत २१० आली, डोळे उघडले. एनएस लावून जिल्ह्याला पाठवला. सव्वा तासाने तिथे पोचला तेव्हा ४१ आणि पुन्हा गुंगीत. माझा डोस कमी पडला का? किलोला २ मिली, ५ मिली, १० मिली असे तीनही आकडे मी ऐकलेत. ग्लुकोज जेल गालात चोळायला हवं होतं का? आणि शुगर पुन्हा नेमकी कधी तपासायची?

उत्तर:

डोस कमी नव्हता. गडबड झाली ती त्यानंतर लावलेल्या एनएसच्या बाटलीत. पंधरा मिनिटांनी दिसलेल्या २१० नेही फसवलं, पण त्यात तुम्ही एकटे नाही. माझ्यासकट सगळे कधी ना कधी त्या आकड्याला भुललेले आहेत.

आधी त्या तीन आकड्यांचा घोळ सोडवू. मिलीमध्ये बोलायचं थांबवा आणि ग्रॅममध्ये बोला, म्हणजे निम्मा घोळ तिथेच संपतो. डी-२५ म्हणजे १०० मिलीमध्ये २५ ग्रॅम. तुमच्या २५ मिलीमध्ये सव्वासहा ग्रॅम ग्लुकोज गेलं. मुलगा १२ किलोचा, म्हणजे किलोला साधारण अर्धा ग्रॅम. आता बघा: डी-१० किलोला ५ मिली दिलं तरी अर्धा ग्रॅमच, डी-२५ किलोला २ मिली दिलं तरी अर्धा ग्रॅमच, डी-५० किलोला १ मिली दिलं तरी तेवढंच. मी इंटर्न मुलांना एवढंच पाठ करायला सांगतो: बाटलीवरची टक्केवारी गुणिले किलोमागचे मिली बरोबर ५०. पहाटे साडेपाचला झोपेतून उठलेल्या डोक्यालाही हे जमतं.

राहिले दोन टोकांचे आकडे. डी-१० किलोला २ मिली म्हणजे ०.२ ग्रॅम. हा नवजात बाळाचा डोस आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलाची शुगर पडली आणि ते शुद्धीवर नसेल, तर तिथेही २ ते ३ मिलीच देतात, कारण त्यांना जास्त दिलं तर पुढचे काही तास शुगर ३०० च्या वर नाचत राहते. दुसरं टोक किलोला १० मिलीचं, म्हणजे १ ग्रॅम. आपत्कालीन उपचारांच्या अमेरिकी पद्धतीत अर्धा ते एक ग्रॅम अशी मुभा आहे, त्यातलं हे वरचं टोक. मी ते एका दमात कधी देत नाही. ५ मिली देतो, तपासतो, लागलं तर पुन्हा ५ मिली. गुंगीत आलेलं, कारण माहीत नसलेलं, कदाचित कुपोषित असलेलं मूल असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा डोस हाच आहे: डी-१० किलोला ५ मिली. उपचार सुरू करायची रेषाही तिथेच ठरलेली आहे, चांगल्या पोसलेल्या मुलात ४५ च्या खाली आणि तीव्र कुपोषित मुलात ५४ च्या खाली. तुमचा ३४ दोन्हीत बसतो.

एकच गोष्ट मी वेगळी केली असती. डी-२५ तसंच न देता पातळ करून दिलं असतं. १२ किलोला डी-१० चे ६० मिली लागतात. २४ मिली डी-२५ घ्या, त्यात इंजेक्शनसाठीचं स्टराइल पाणी ३६ मिली घाला, झाले ६० मिली डी-१०. डी-५० असेल तर १२ मिली आणि ४८ मिली पाणी. ते पाच मिनिटांत हळूहळू द्या. कारण शिरेचं आहे. डी-१० ची तीव्रता रक्ताच्या पावणेदोन पट असते, डी-२५ ची चौपटीहून जास्त आणि डी-५० ची आठपटीहून जास्त. निवासी डॉक्टर असताना मी एका बाळाच्या पायाच्या बारीक शिरेतून डी-५० दिलं होतं, घाईघाईत. सुई शिरेबाहेर सरकलेली होती. शुगर सुधारली, पण घोट्यावरची रुपयाएवढी कातडी काळी पडून निघून गेली आणि ती भरून यायला दीड महिना लागला. त्या बाळाच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून लहान मुलात डी-५० माझ्यासाठी फक्त कच्चा माल आहे, पातळ करायला. पाणी नसेलच आणि शीर कोपराजवळची चांगली असेल, तर डी-२५ किलोला २ मिली सावकाश द्यायला हरकत नाही. त्या क्षणी तुम्ही तेच केलंत, म्हणून मी त्याला चूक म्हणत नाही.

आता तो सव्वा तास.

उपाशी असताना मुलाचं यकृत मिनिटाला किलोमागे ५ ते ६ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं आणि मुख्यतः मेंदू ते खात असतो. मोठ्या माणसात हा दर निम्म्याहून कमी असतो. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि यकृतातला साठा छोटा, म्हणून रात्री न जेवता झोपलेलं तीन वर्षांचं मूल सकाळी असं सापडतं आणि त्याच रात्री न जेवलेला त्याचा बाप ठणठणीत असतो. तुमच्या मुलाचा साठा संपलेला होता. म्हणजे आत येणारं ग्लुकोज जवळपास शून्य आणि खर्च मिनिटाला ६ मिलिग्रॅम. तुम्ही किलोला सुमारे ५२० मिलिग्रॅम दिलंत. भागाकार करा: जेमतेम ८५ मिनिटांची शिदोरी. त्यात शुगर एकदम २१० वर गेल्यामुळे स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं, ते वेगळं. मग सव्वा तासाने ४१ हे अगदी हिशेबाने आलेलं उत्तर आहे. डी-१० किलोला २ मिली दिलं असतंत तर ती शिदोरी अर्ध्या तासाची झाली असती.

म्हणून बोलसकडे मी उसन्या वेळासारखं बघतो. त्या वेळात पुढची बाटली तयार व्हायला हवी आणि त्या बाटलीत ग्लुकोज हवं. एनएसमध्ये ते शून्य असतं. डीएनएस लावली असती तर? १२ किलोला दिवसाचं नेहमीचं प्रमाण ११०० मिली, म्हणजे तासाला ४६ मिली. ५ टक्क्यांच्या डीएनएसने त्यात मिनिटाला किलोमागे ३.२ मिलिग्रॅम मिळतं, गरजेच्या निम्मं. तेच १० टक्के केलं की ६.४ मिळतं, म्हणजे यकृत जे करत असतं तेवढंच. हे गणित एका ओळीत असं:

किलोमागे मिनिटाला मिलिग्रॅम = (टक्केवारी × तासाला मिली) ÷ (६ × वजन)

१० × ४६ = ४६०, आणि ६ × १२ = ७२. भागिले तर ६.४.

१० टक्क्यांची मीठवाली बाटली सहसा तयार मिळत नाही, ती बनवावी लागते. ५०० मिली डीएनएसमधून ५५ मिली काढून टाका आणि तेवढंच डी-५० घाला. जवळपास नेमकं १० टक्के होतं आणि सोडियमही १३७ च्या आसपास राहतं, म्हणजे नुसतं डी-१० लावल्यावर सोडियम पडण्याची जी धास्ती असते ती राहत नाही. फक्त डी-२५ असेल तर १२५ मिली काढून १२५ मिली घाला. बाटलीवर चिकटपट्टी लावून काय घातलं ते लिहा, नाहीतर पुढच्या रुग्णालयातली सिस्टर ती साधी डीएनएस समजून बदलेल. इन्फ्युजन पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट घ्या. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे तासाला ४६ मिली हवं असेल तर मिनिटाला ४६ थेंब. आकडा तोच, घड्याळ लावून मोजायचं. रस्त्यात खड्ड्यांनी तो दर बदलतो, तेव्हा सोबतच्या माणसाला हे मोजायला शिकवूनच गाडी सोडा.

यात परिस्थितीनुसार बदल आहेत. तीव्र कुपोषित मुलाला शिरेतून इतकं पाणी द्यायला मी धजावत नाही, त्याचं हृदय ते पेलत नाही. तिथे बोलसनंतर नाकातून नळी टाकून १० टक्के साखरपाणी ५० मिली आणि मग दर दोन तासांनी पोषण पुनर्वसन केंद्रातलं एफ-७५ दूध, रात्रीही. मूल शॉकमध्ये असेल तर एनएसचा बोलस लागेल, पण तो वेगळ्या सिरिंजने. डेक्स्ट्रोजवाली बाटली भरभर सोडून शॉक भरून काढायचा नाही.

पुन्हा तपासणीचं. वेगवेगळे आकडे तुम्ही ऐकले असतील आणि त्यातले बरेचसे बरोबर आहेत, कारण प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. १५ मिनिटांनी बघता ते औषध खरंच शिरेत गेलं का आणि पुरलं का. तिथे ४५ च्या खालीच असेल तर सुई बघा आणि किलोला ५ मिली पुन्हा द्या. पण १५ मिनिटांची शुगर चांगली आली याचा अर्थ मूल सुधारलं असा होत नाही. ते तुम्ही दिलेलं ग्लुकोज तुम्हालाच परत दिसत असतं. ते टिकतंय का, हे ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी कळतं. मी त्या तीन वेळा आकडे लिहून ठेवतो, आणि आकड्यापेक्षा उतार बघतो. २१०, मग १४०, मग ९० असा उतार असेल तर ९० हा चांगला आकडा नाही, पुढच्या तासाची ती सूचना आहे. १५०, ११०, १०५ असेल तर मी खुर्चीत बसतो. त्यानंतर चार तास दर तासाला, आणि मूल तोंडाने खायला लागलं, ड्रिप कमी केली, की प्रत्येक वेळी कमी केल्यावर पुन्हा एकदा. ड्रिप एकदम बंद करू नका. तुमच्या सव्वा तासाच्या प्रवासात निदान दोन तपासण्या हव्या होत्या, म्हणजे रुग्णवाहिकेत ग्लुकोमीटर, पाच-सहा स्ट्रिप आणि भरून ठेवलेली ६० मिलीची सिरिंज.

ग्लुकोमीटरही फसवतो, दोन्ही बाजूंनी. घरच्यांनी वाटेत ग्लुकोजची पावडर चाटवलेली असते, तीच मुलाच्या बोटाला लागलेली असते. एकदा अशाच एका मुलीची शुगर १८० दाखवत होती आणि ती तर झटके देत होती. सिस्टरने बोट पाण्याने धुऊन, कोरडं करून पुन्हा टोचलं, ३१. तेव्हापासून आकडा मुलाशी जुळत नसेल तर आधी बोट धुवायचं. ज्या हातात डेक्स्ट्रोज चालू आहे त्या हाताचं रक्त घ्यायचं नाही. थंडगार निळसर बोटाचं रक्तही विश्वासाचं नाही. शिवाय या यंत्राला १०० च्या खाली १५ इकडे-तिकडे चालतात, म्हणून गुंगीतल्या मुलात ५५ आली तर मी ती पडलेलीच धरतो.

आता जेल. जेलचा पक्का पुरावा नवजात बाळांमध्ये आहे. न्यूझीलंडमधल्या 'शुगर बेबीज' या चाचणीत, जिचे निकाल २०१३ मध्ये आले, ४० टक्के डेक्स्ट्रोज जेल किलोला अर्धा मिली, म्हणजे २०० मिलिग्रॅम, बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला पुसून चोळलं आणि लगेच दूध पाजलं. तिथे तपासणी अर्ध्या तासाने. पण ती बाळं दूध ओढणारी, जागी होती. तीन वर्षांच्या मुलाच्या गालातून फारसं ग्लुकोज शोषलं जात नाही. काम करतं ते गिळलेलं जेल. आणि तुमचं मूल गिळायच्या अवस्थेत नव्हतं. त्याच्या तोंडात वीस-तीस मिली गोड चिकट द्रव ओतणं म्हणजे ते श्वासनलिकेत जायची वाट मोकळी करणं. शीर मिळालेली असताना जेलचा विचारच नको.

शीरच मिळत नसेल तर? तिथे मात्र साखर उपयोगाची आहे, पण जिभेखाली. एक सपाट चमचा साखर, एक-दोन थेंब पाण्याने ओली करून, मुलाला कुशीवर वळवून जिभेखाली ठेवायची. बुर्किना फासोमध्ये मलेरियाच्या मुलांवर हे करून पाहिलं गेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत ते आलेलं आहे. मुलाने ती गिळून टाकली तर परिणाम उशिरा होतो, तेव्हा पुन्हा ठेवायची. वीस मिनिटांनी शुगर तपासायची आणि कमी असेल तर पुन्हा. तोवर कोणीतरी नडगीच्या हाडात सुई टाकायची तयारी करावी. हाडातूनही डी-१० तेवढंच आणि तसंच देता येतं.

आणि मूल पूर्ण जागं असेल, फक्त घामेजलेलं, चिडचिडं असेल, तर शिरेची गरजच नाही. किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने. १२ किलोला साडेतीन ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, थोड्या पाण्यात. १५ मिनिटांनी तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच, आणि वर आली की भात, पोळी, बिस्कीट, काहीतरी टिकणारं. चॉकलेट किंवा पेढा पहिल्यांदा देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. ग्लुकॅगॉन मधुमेही मुलांसाठी उत्तम आहे, २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम आणि वर १ मिलिग्रॅम. तुमच्या मुलात ते चाललं नसतं, कारण ते यकृतातला साठा मोकळा करतं आणि इथे साठाच नव्हता.

शेवटची गोष्ट, आणि खरं तर ती पहिल्या मिनिटात करायची असते. सुई शिरेत गेली की डेक्स्ट्रोज जोडण्याआधी त्याच सुईतून दोन-तीन मिली रक्त रिकाम्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. थोडं करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, बाकीचं साध्या ट्यूबमध्ये. तुमच्याकडे इन्सुलिन, कॉर्टिसॉल तपासायची सोय नसली तरी चालेल, सीरम वेगळं करून फ्रीजमध्ये ठेवा आणि मुलासोबत पाठवा. शुगर पडलेली असतानाचं ते रक्त पुन्हा मिळत नाही. मात्र ते निघत नसेल तर त्यासाठी डेक्स्ट्रोज एक मिनिटही थांबवू नका. त्यानंतरची पहिली लघवी धरून कीटोन बघा. कीटोन भरपूर असतील तर चित्र जुळतं: दीड ते पाच वर्षांचं, बहुधा सडपातळ मूल, आजारात उपाशी झोपलेलं, सकाळी शुगर पडलेली. कीटोन नसतील किंवा अगदी कमी असतील, तर शरीर चरबी जाळायला गेलेलंच नाही. तिथे एकतर इन्सुलिन जास्त आहे किंवा चरबी जाळण्याची वाट जन्मतः अडलेली आहे, आणि त्या मुलाला मोठ्या केंद्रात पाठवणं टाळता येत नाही.

इन्सुलिन जास्त असण्याचं एक कारण आपल्याकडे घराघरात आहे. आजी-आजोबांच्या शुगरच्या गोळ्या. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची एकच गोळी तीन वर्षांच्या मुलाला पाडायला पुरते. त्यात एक विचित्र गोष्ट दिसते: प्रत्येक बोलसनंतर शुगर चढते आणि आधीपेक्षा लवकर पडते, कारण प्रत्येक चढ स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावतो. १० टक्क्यांची ड्रिप चालू असूनही शुगर घसरत असेल, मिनिटाला किलोमागे ८-१० मिलिग्रॅम लागत असेल, तर मी आईला बाजूला घेऊन विचारतो की घरात गोळ्यांचा डबा कुठे असतो, आणि एखाद्याला घरी पाठवून गोळ्या मोजून आणायला लावतो. तिथे ऑक्ट्रिओटाइड लागतं, त्वचेखाली किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि निदान २४ तास नजर.

शुगर ठीक होऊन अर्धा तास झाला आणि मूल तरीही जागं झालं नाही, तर शुगरला दोष देणं थांबवून मेंदुज्वर, मलेरिया, वरून न दिसणारा पण आत चालू असलेला झटका यांच्या मागे लागायचं. तुमचं मूल १५ मिनिटांत डोळे उघडून बसलं, म्हणून ती शक्यता मला कमी वाटते. आजोबांच्या गोळ्यांचं मात्र विचारायचं राहून गेलं असेल तर आजच फोन करा, आणि जिल्ह्याला लघवीत कीटोन किती आले ते कळलं तर इथे लिहा.